कुठलं पाणी?

भातसानगरच्या वसाहतीत एप्रिलची परीक्षा संपली की घरोघरी एक भांडण ठरलेलं असतं. पोरं म्हणतात पोहायला जायचं, आया म्हणतात पाण्याचं नाव काढलंस तर तंगडी मोडीन. समोर धरण, खाली नदी, बाजूने कालवा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या साठ्यातलं निम्मं पाणी एकट्या भातसात मावतं, आणि त्या पाण्याच्या कडेला वाढलेल्या मुलांपैकी निम्म्यांना पोहता येत नाही असं माझं शाळेतलं निरीक्षण आहे. मुलींमध्ये तर जवळपास कुणालाच नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी अकरा वर्षांची, सहावीत जाणार. धाकटा मुलगा दोन वर्षांचा. वहिनींचे चुलत सासरे मुरबाडकडच्या गावातून सुट्टीत येऊन राहिलेत. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, बरीच वर्षं कालव्यावर. नातीला गावी नेऊन पोहायला शिकवतो असं ते म्हणाले आणि वहिनींनी पोळपाटावरचं लाटणं तसंच धरून सरळ नाही सांगितलं. दोघांची बोलणी आमच्या अंगणापर्यंत आली, मग मलाही बोलावणं आलं. नावं लिहीत नाही. बोलणं मात्र जमेल तितकं जसंच्या तसं ठेवलंय.

“सूनबाई, तू तिला नेमकी कशापासून वाचवतेस ते एकदा सांग,” काका म्हणाले.

“पाण्यापासून.”

“कुठल्या?”

“काका, पाणी ते पाणी. बुडायला कुठलंही पुरतं.”

“तिथंच तर आपलं बिनसतं. मी कालव्यावर पस्तीसेक वर्षं काढली. मला विचारशील तर पाण्याची जातच वेगवेगळी. विहिरीचं निराळं, नदीचं निराळं, आणि कालव्याचं तर पाणी म्हणूच नये, ती पळती भिंत.”

वहिनींना हे कोडं वाटलं असावं. मी म्हटलं, काका, जरा उलगडून सांगा. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

“कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जातं. सेकंदाला मीटरभर धर. नवशिकं पोर सेकंदाला अर्धा मीटर पोहेल, तेही दमेपर्यंत. म्हणजे ते काठाकडे एक हात जाईल तोवर पाण्याने त्याला दोन हात पुढे नेलेलं. बरं, काठ गाठला तरी काय? बाजू उतरती, अस्तराची, त्यावर शेवाळ. धरायला काही नाही. मोठा गडीही घसरून परत आत जातो. आणि पुढे जिथं कालवा ओढ्याच्या खालून जातो, तिथं तोंडाशी पाणी आत ओढतं. तिथून परत यायचं नाव नाही. म्हणून कालव्यात पोहायचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यानेसुद्धा.”

“मग मी काय वेगळं म्हणते?” वहिनी.

“तू नदीचंही तेच म्हणतेस, बंधाऱ्याचंही तेच, आणि न्हाणीतल्या बादलीबद्दल काहीच म्हणत नाहीस.”

हा शेवटचा टोला त्यांनी उगाच मारला असं मला तेव्हा वाटलं. तो कुठे लागणार होता हे थोड्या वेळाने कळलं.

नदीबद्दल मात्र वहिनींनी काकांना अडवलं, आणि बरोबर अडवलं. धरणाखालची भातसा ही इतर नद्यांसारखी उन्हाळ्यात आटत नाही. मुंबईचं पाणी नळाने जातं असं आपल्याला वाटतं, पण भातसाचं पाणी आधी नदीच्याच पात्रातून खाली पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं आणि तिथून उचललं जातं. (शहापूरच्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो आणि त्याच तालुक्यातून ही भरली नदी मुंबईला जाते, यावर बोलायला बसलो तर हा लेख इथेच संपेल.) म्हणजे नदी मे महिन्यातही जिवंत, आणि तिचं कमीजास्त होणं वरून किती सोडलं यावर.

“सकाळी गुडघाभर असलेलं पाणी वीजगृहातून सोडलं की चढतं,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांच्याच तोंडून ऐकलंय मी. पोरं मधल्या खडकावर बसलेली असतात, आणि खडक आणि काठ यांच्यातलं पाणी वाढलेलं त्यांच्या ध्यानातही येत नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडायचे तर गावांना इशारा तरी देतात, सापगावच्या पुलाची तर सगळ्या तालुक्याला धास्ती असते. उन्हाळ्यातल्या रोजच्या पाण्याला कोण भोंगा वाजवतो? आणि आपला हा काळा कातळ. घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की दोन पुरुष खोल कुंड. तुम्ही शिकवाल हो, पण ती शिकली म्हणून पाणी शिकेल का?”

काका गप्प राहिले. मग म्हणाले, “नदी मान्य. धरणाखाली नाही उतरायचं. कालवा नाही, धरणाचा फुगवटा नाही. ही तिन्ही मी तुझ्या यादीत टाकतो.”

मला हे आवडलं. “पाण्याकडे जायचं नाही” हे वाक्य मुलं दोन वर्षांत मोडतात, कारण रोज डोळ्यांसमोर कुणीतरी पोहून सुखरूप वर येत असतं आणि आई खोटं बोलते असा त्यांचा समज होतो. “कालव्यात नाही, कारण बाहेर येता येत नाही” हे वाक्य मूल स्वतः पाहून पडताळू शकतं. कोरडा कालवा दाखवायचा, त्या उतारावर ओलं फडकं टाकून चढून बघ म्हणायचं. पुन्हा सांगावं लागत नाही.

“पण शिकवायचंच कशाला?” वहिनी मूळ मुद्द्यावर आल्या. “पट्टीचा पोहणाराच बुडतो असं म्हणतात ना? पोहता न येणारी पोर काठावर तरी थांबते. शिकली की धीट होणार.”

“आम्ही आठ भावंडं. आमच्या बापाने विहिरीत ढकलून दिलं, सगळे शिकलो. कुणाला काही झालं नाही.”

“ज्यांना झालं ते सांगायला येत नाहीत, काका.”

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, आणि कुणाकडेच नसतं. विहिरीत ढकलून शिकवण्याचा जो अभिमान आपल्याकडच्या पुरुषांना असतो तो वाचलेल्यांचा अभिमान आहे. मी स्वतः काकांच्या बाजूची, पण त्यांचा हा पुरावा मला पटत नाही. धीटपणाच्या प्रश्नाला त्याहून चांगलं उत्तर मला ठाऊक होतं, ते मी दिलं.

बांगलादेशात दर घरामागे तळं. तिथं मुलं बुडण्याचं प्रमाण फार, म्हणून एक मोठा उपक्रम झाला. चार ते बारा वर्षांच्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मंच बांधून पोहायला शिकवलं. शिकला कधी म्हणायचं याची कसोटी ठरलेली: पंचवीस मीटर पोहता यावं, तीस सेकंद एका जागी तरंगता यावं, आणि बुडणाऱ्याला पाण्यात न उतरता काठावरून काठी किंवा काही पुढे करून ओढता यावं. 2012 मध्ये याचे आकडे प्रसिद्ध झाले. शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण न शिकलेल्यांच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून जास्त घटलेलं होतं. शिकल्यामुळे धीट होऊन मुलं जास्त बुडाली असती तर ते या आकड्यांत उमटलंच असतं.

“पंचवीस मीटर म्हणजे काहीच नाही,” काका म्हणाले. “आमच्या वेळी विहिरीच्या दहा फेऱ्या…”

“काका, मुलं बहुतेक काठाजवळच बुडतात. परत वळून काठ गाठायला तेवढं पुरतं.”

वहिनी विचारात पडल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, “आणि लहान मुलांचं काय केलं त्यांनी? चारच्या आतल्यांचं?”

हाच प्रश्न मला हवा होता. चारच्या आतल्यांना त्या उपक्रमात पोहायला शिकवलं नाही. त्यांच्यासाठी तिथं सकाळी नऊ ते दुपारी एक अशी पाळणाघरं चालवली, कारण मोठी माणसं कामात असतात ती हीच वेळ. नुसत्या लक्ष ठेवण्याने त्या वयातलं बुडणं ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटलं. आणि जगात सगळ्यात जास्त बुडतात ती हीच मुलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2021 मध्ये जगभरात साधारण तीन लाख माणसं बुडून गेली, त्यांतला जवळपास पाव हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा.

काकांनी तोंडाने काही म्हटलं नाही, नुसती मान मागच्या दाराकडे केली. मागे सिमेंटचा हौद आहे. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून तो काठोकाठ भरलेला, उघडा. शेजारी निळं पिंप आणि पिंपाला टेकवलेला पाट, धाकट्याचा हात बरोबर हौदाच्या काठावर पोचेल इतका उंच. वहिनींची रात्रीची झोप मोठी नदीत उतरेल या काळजीत जात होती आणि धाकटा दिवसातून दहा वेळा त्या दाराने ये-जा करत होता.

“मी असते की घरात,” वहिनी म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

“असतेस. कुकर लावतेस, फोन घेतेस. बुडणारा ओरडत नाही, सूनबाई. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.”

हे खरं आहे आणि फार थोड्यांना माहीत असतं. सिनेमातला माणूस हात हलवून हाका मारतो. खरा बुडणारा श्वासच घेऊ शकत नाही, तर हाक कुठून मारणार? तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होतं, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, अंग उभं. लांबून पाहणाऱ्याला तो उभ्या उभ्या खेळतोय असंच वाटतं. मोठा माणूसही फार तर मिनिटभर तग धरतो. दोन वर्षांचं मूल हौदात डोक्यावर गेलं तर तेवढंही नाही, कारण त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि त्याला उलटून वर येता येत नाही. बादलीत वीतभर पाणी पुरतं.

वहिनी उठल्या, पाट आत आणला, आणि हौदावर टाकायला जुना पत्रा शोधायला लागल्या. काकांनी त्यांना थांबवलं. नुसता पत्रा सरकतो, त्यावर मूल चढतं आणि पत्र्यासकट आत जातं. लाकडी झाकण बिजागरीने बसवायचं, वर कडी. पिंपाला घट्ट फिरकीचं झाकण. न्हाणीतली बादली वापरली की पालथी. आणि मागच्या दाराला वरच्या बाजूला खिट्टी. खर्च एका सुताराच्या अर्ध्या दिवसाचा. काळजी म्हणायची तर मला ही काळजी वाटते. तिला अंत आहे. कडी बसली की ती तेवढ्यापुरती संपते. वहिनींना नदीची वाटणारी काळजी मात्र कधी संपत नव्हती, कारण तिच्यातून निघणारी एकच कृती होती: मुलीला घरात ठेवणं. आणि मुलगी तर दर वर्षी मोठी होणार.

ते काकांनी बोलून दाखवलं. “अकरावीला कुठे घालणार?”

“कल्याणला. आसनगावहून गाडी.”

“म्हणजे पाच वर्षांनी. मैत्रिणी जुलैत धबधब्याला जाऊ म्हणतील. कलेक्टर दर पावसाळ्यात बंदीचे हुकूम काढतात, तरी पोरं जातातच. तेव्हा तू तिथं नसणार. तिला पाण्यातलं काही कळत नसेल तर ती बाकीच्यांच्या मागे जाईल. पाण्याचा ओढा एकदा अंगावर घेतलेली पोर काठावरूनच सांगते, मी नाही उतरत, तुम्हीही उतरू नका.”

“किंवा सगळ्यांत आधी उतरते.”

“तेही होतं,” काकांनी कबूल केलं. “म्हणून नुसतं पोहणं नाही शिकवायचं.”

आणखी एक गोष्ट मी घातली, कारण शाळेत ती मला सतावते. ज्या घरात पाण्यावर कडक बंदी असते त्या घरातली मुलं चोरून जातात. चोरून गेलेल्यांपैकी एखादं बुडायला लागलं की बाकीची घाबरतात ती आधी घरच्या माराला. अशी कितीतरी प्रकरणं आपण वर्तमानपत्रात वाचतो, की सोबतची मुलं घरी येऊन गप्प बसली आणि संध्याकाळी काठावरचे कपडे सापडले. म्हणून आमच्या वर्गात मी एवढंच वदवून घेते: कुठेही, कुणाच्याही परवानगीशिवाय गेलेले असा, काही झालं तर आधी ओरडत मोठ्या माणसाकडे पळायचं, मार मिळणार नाही. ही हमी आईबापांनी आधी द्यावी लागते आणि पाळावी लागते. वहिनींनी ती त्याच रात्री मुलीला दिली असं नंतर कळलं.

मग शिकवायचं कुठे यावर पुन्हा जुंपली. काकांच्या मनात पुतण्याचं शेततळं होतं. पाणी स्वच्छ, स्थिर, आपलं स्वतःचं.

“शेततळं अजिबात नाही,” वहिनी कडाडल्या. “त्याला प्लॅस्टिक आहे. कालव्याचं शेवाळ सांगता आणि हे दिसत नाही? ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरतच नाही, बैल पडला तरी बाहेर येत नाही. माझ्या माहेरी शेततळ्याला आता कुंपण घातलंय आणि गाठी मारलेले दोर चारी बाजूंनी आत सोडलेत.”

काका हे विसरले होते. स्वतःचंच म्हणणं त्यांच्यावर उलटलं. मला हा क्षण फार मोलाचा वाटला. निर्धास्त माणसाला घाबऱ्या माणसाची गरज असते ती इथं. वहिनींची भीती आता “पाणी” या एका शब्दावर अडलेली नव्हती, ती उतार आणि पकड तपासू लागली होती.

ठरलं ते असं. गावाजवळच्या ओढ्यावर जुना दगडी बंधारा आहे. वर धरण नाही, त्यामुळे पाणी अचानक चढत नाही. मे महिन्यात एका बाजूला मुलीच्या छातीइतकं पाणी, तळ वाळूचा, आणि काठाला दगडी पायऱ्या. आधी काका काठीने सगळा तळ चाचपणार. पहिला पाऊस पडला की शिकवणी बंद.

साधनांवरही घासाघीस झाली. काकांच्या लहानपणी वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधत. आता तेलाचा पाच लिटरचा कॅन. रिकामा कॅन पाच किलोच्या आसपास भार उचलतो, मुलाचं डोकं वर राहायला तेवढा खूप झाला. पण तो कमरेला बांधला तर कंबर वर येते आणि तोंड पाण्यात जातं. तो खांद्यांच्या मध्ये, काखेखालून पट्टा घेऊनच बांधायचा. झाकण सैल असेल तर कॅन भरत जातो, म्हणून रोज उतरण्याआधी तो पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का पाहायचं. आणि कॅन शिकेपर्यंतच. कॅनच्या भरवशावर खोल पाण्यात गेलेलं मूल, दोर सुटला की न शिकलेल्याहून वाईट अवस्थेत असतं.

क्रम मी सुचवला. आधी पाण्यात तोंड घालून श्वास सोडणं. मग उताणं तरंगणं, तीस सेकंद. मग काठावरून पाण्यात पडून, वळून, पुन्हा काठ धरणं. हे जमलं की मग पंचवीस मीटर. शेवटी एकदा सलवार-कुर्ता घालून, कारण मुली पोहण्याच्या कपड्यात पाण्यात पडत नाहीत.

“आणि कुणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही,” वहिनी म्हणाल्या. “हे पहिल्या दिवशी.”

“तो बरोबर गळ्यात हात घालतो,” काका म्हणाले. “एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. कालव्यावर असे तीन तीन काढलेत. तोच कॅन दोर बांधून फेकायचा. दोर नसेल तर ओढणी, फांदी, काहीही. स्वतः पालथं पडून पुढे करायचं, उभं राहून नाही.”

बाहेर काढल्यावर काय, यावर मात्र मला काकांशी भांडावं लागलं. त्यांच्या वेळी पाय धरून उलटं फिरवत, नाहीतर पालथ्या घागरीवर पोट ठेवून दाबत. पाणी निघालं की जीव आला असा समज. पोटातलं पाणी निघतं, त्याने श्वास येत नाही. उलट ते घशाशी येऊन श्वासनलिकेत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. बुडालेल्याला हवी असते ती हवा. उताणं झोपवायचं, हनुवटी वर करायची, श्वास चालू नसेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास, असं थांबल्याशिवाय. दुसऱ्याने 108 ला फोन. आणि मूल शुद्धीवर आलं, बोलायला लागलं, तरी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उफाळू शकतो.

काका नाराज झाले. घागरीने त्यांनी एक जण वाचवला होता म्हणे. मी म्हटलं, तो श्वास घेतच असणार. ते त्यांना अजूनही पटलेलं नाही.

सगळं ठरलं असं वाटत असताना वहिनींनी शेवटची अट काढली.

“काका, तुमचं वय किती?”

“अडुसष्ट. का?”

“मागच्या वर्षी छातीत कळ येऊन दवाखान्यात होतात. पाण्यात तुम्हालाच काही झालं तर ती काय करणार? तुम्हाला ओढायला जाणार. तेव्हा पोहता येणारा दुसरा धडधाकट माणूस काठावर हवा. रोज. मोबाइल न बघता.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही त्यांच्या मदतीला गेले नाही. पुतण्याला शेतीची कामं असतात, तो रोज कुठला येतोय, असं ते थोडा वेळ पुटपुटले. वहिनी म्हणाल्या, तो येईल त्या दिवशी पाण्यात, येणार नाही त्या दिवशी काठावर बसून दोर फेकण्याचा सराव. मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने विचारलं की तो रोज आला तर रोज उतरता येईल ना, आणि काका पुतण्याला फोन लावायला अंगणात गेले.